मदत हवी आहे: अलंकारांचं शब्दकोडं

परभणीजवळच्या शाळेत दहावीला मराठी शिकवते. उजळणीसाठी कोडं करतेय. व्याख्या दिली की मुलं पाठ केलेलं लिहितात, म्हणून उदाहरणं दिली: 'ज्वारीचे दाणे मोत्यांसारखे टपोरे' आणि 'ज्वारीचे दाणे जणू मोतीच'. पण 'सारखे' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. वाक्य कुणी वाचतच नाही!

उपमा, रूपक, उत्प्रेक्षा तिन्ही तीन अक्षरी, म्हणून चौकटी मोजून उत्तर कळत नाही, हे बरं. उपमा-रूपक दोन्हींत मधलं अक्षर 'प', त्यामुळे तिथून उभा 'अपन्हुती' नेला तरी नेमकं कोणतं ते अर्थावरूनच ठरवावं लागतं. मात्र 'उत्प्रेक्षा'चा 'त्प्रे' कुठल्या शब्दाशी जुळवू? आणि 'जणू' न वापरता उत्प्रेक्षेची सूचक ओळ कशी लिहायची?