मदत हवी आहे: दिलगिरीच्या ईमेलमधला फुलोरा छाटतोय, पण पत्र तुटक वाटतंय

नमस्कार मंडळी. आमचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा कारखाना आहे. छपाईचं मशीन बंद पडल्यामुळे एका जुन्या ग्राहकाचा माल चार दिवस उशिरा जाणार आहे. त्यांना लिहिलेल्या ईमेलची सुरुवात अशी होती:

"आपल्या कृपाछत्राखाली वाटचाल करणाऱ्या आमच्या आस्थापनेकडून अनवधानाने घडलेल्या विलंबाबद्दल अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करीत आहोत."

मोठ्याने वाचल्यावर मलाच खटकलं. माल कधी मिळणार, हे त्यात कुठेच नाही. 'अनवधानाने' तर चक्क खोटं आहे. आणि 'घडलेल्या विलंबाबद्दल' म्हटलं की उशीर जणू आपोआप झाला, आमचा त्यात हातच नाही.

मग असं केलं:

"गुरुवारी द्यायचे ५०० खोके सोमवारी मिळतील. आमचं छपाईचं मशीन बंद पडलं. तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं. माफ करा. २०० खोके तयार आहेत, हवे असतील तर उद्याच पाठवतो."

हे खरं वाटतं, पण ग्राहक सत्तरीचे आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना 'तुम्ही' चालेल की 'आपण' ठेवू? 'माफ करा' फार घरगुती वाटतं का? 'दिलगीर आहोत' मला थंड वाटतं, 'क्षमस्व' तर दारावरच्या पाटीसारखं. आणि शेवटचं 'आपला कृपाभिलाषी' काढून नुसतं 'आपला' लिहिलं तर त्यांना मान कमी केल्यासारखं वाटेल का?

आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं आहे. रोज असा पत्रव्यवहार करणाऱ्यांनी कृपया सांगा.