होमस्टेचे पैसे आंब्यात दाखवले तर ते टॅक्स प्लॅनिंग की चोरी? मदत हवी आहे

असगोलीकर
घाईत लिहितोय, विवरणपत्र भरायचंय. गुहागरजवळ चार खोल्यांचा होमस्टे आहे. २०२५-२६ मध्ये खर्च जाऊन सहा लाख राहिले. ओळखीचा टॅक्सवाला म्हणतो, घरची आंब्याची बाग आहे ना, मग हे सहा लाख आंब्याचे दाखव, शेतीला टॅक्स नाही. चुलतभाऊ म्हणतो, बायकोच्या नावावर एफडी कर. आणखी एकजण म्हणतो, बायकोला पगार दे. तिघंही याला टॅक्स प्लॅनिंगच म्हणतात. मला झोप नाही. यातलं नक्की काय चालतं, तेवढं सांगा.

हेदवीचा बाबू
ग्रामपंचायतीत जाऊन आधी घरपट्टीची आकारणी बघ. आमच्याकडे खोल्या भाड्याने देतो हे कळल्यावर आकारणी बदलली. थकबाकी ठेवू नको, दाखले अडतात.

असगोलीकर
बाबूदादा, घरपट्टी भरलेली आहे. मी इन्कम टॅक्सचं विचारतोय.

ताळेबंद
चार गोष्टी सांगा, मग बोलता येईल. बाग कोणाच्या नावावर? तुम्हाला दुसरं उत्पन्न आहे का? पाहुण्यांचे पैसे कुठल्या खात्यात येतात? आणि जेवण कोण करतं?

देवगडचा कलमवाला
एवढं कशाला? कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी करा. राज्य सरकारचं २०२० चं धोरणच आहे. मग खोल्या, जेवण, बागेची फेरी, सगळं शेतीचंच उत्पन्न.

ताळेबंद
दादा, धोरण आहे हे खरं, नोंदणी जरूर करावी. पण त्याने खोलीचं भाडं आयकरात शेतीचं होत नाही. जमिनीत पिकवलेला आंबा विकून आलेला पैसा शेतीचा. पाहुणा त्या आंब्याखाली झोपला म्हणून त्याचं भाडं शेतीचं होत नाही.

असगोलीकर
बाग बाबांच्या नावावर, चाळीस कलमं. घरही बाबांचंच, खोल्या मी बांधल्या. मी चिपळूणला नोकरीला आहे, प्रमाणित वजावट जाऊन दहा लाख पगार. पैसे माझ्या खात्यात यूपीआयने. जेवण बायको करते, थाळी ३५० रुपये. हे सगळं लागतं का?

ताळेबंद
याच्यावरच उत्तर ठरतं.

पगार आणि होमस्टे मिळून तुमचं उत्पन्न सोळा लाख. नव्या पद्धतीत त्यावर कर १,२०,००० आणि उपकर धरून १,२४,८००. आता सहा लाख आंब्याचे दाखवले असं धरा. तुमच्या टॅक्सवाल्याने अर्धंच सांगितलंय. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मिळवतात. सोळा लाखांवरचा कर १,२०,०००. त्यातून शेतीचे सहा आणि सुरुवातीचे करमुक्त चार, अशा दहा लाखांवरचे ४०,००० वजा केले की ८०,००० उरतात. त्यातून ६०,००० ची सूट मिळून उपकरासह २०,८०० भरावेच लागतील. म्हणजे खोटं बोलून वाचणार १,०४,०००. उत्पन्नाचं चुकीचं वर्णन केल्याचं ठरलं तर दंड त्या कराच्या दुप्पट, २,०८,०००. मूळ कर आणि व्याज वेगळं.

आणि पकडणं अवघड नाही. पाच लाखांवर शेती दाखवली की फॉर्ममध्ये जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की खंडाची, पावसावरची की पाण्याखालची, सगळं विचारतात. तुमच्या नावावर सातबारा नाही. वाशीच्या दलालाची पट्टी तुमच्या नावाची नाही. आणि खात्यात २५ ते ३१ डिसेंबरला दोन-दोन हजारांच्या यूपीआयची रांग. तेव्हा बागेत मोहोर असतो, आंबा नसतो. ही सरळ करचुकवेगिरी, कारण घडलेली गोष्टच खोटी सांगितली जाते.

निवृत्त बाई, रत्नागिरी
एफडीचं माझ्याकडून ऐका. आमच्या ह्यांनी दहा लाख माझ्या खात्यात टाकून एफडी केली. मला पेन्शन कमी, म्हणून व्याज माझ्या विवरणपत्रात दाखवलं. काही लपवलं नव्हतं. तरी नोटीस आली. नवऱ्याने बायकोला फुकट दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. कर आणि व्याज भरलं. आम्ही चोर नव्हतो हो, पण नोटीस वाचून तसंच वाटत होतं.

ताळेबंद
बाई, तुमची गोष्ट आंब्यापेक्षा वेगळी. तुम्ही खोटं बोलला नाहीत, फक्त कराचा वाटा दुसऱ्या नावावर सरकवलात. याला कर टाळणं म्हणतात, आणि ही वाट कायद्याने आधीच बुजवलेली आहे. तेच पैसे तुमच्या यजमानांनी आपल्या आईवडिलांना खरोखर देऊन टाकले असते, तर व्याज आईवडिलांचं धरलं असतं. ते नियोजन.

दापोलीचा सागर
म्हणजे गरिबाने केलं की नोटीस, मोठ्यांनी मॉरिशसमार्गे पैसा आणला की हुशारी?

ताळेबंद
राग समजतो. मॉरिशसच्या वाटेला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्यता दिली होती, कारण करारातच ती सोय होती. मग २०१६ मध्ये करारच बदलला. टाळण्याच्या वाटा अशाच असतात, आज उघड्या, उद्या बंद. चोरीची वाट कधीच उघडी नसते.

असगोलीकर
आणि पगार? बायको खरंच राबते. पहाटे पाचला बांगडे साफ करायला बसते, रात्री अकराला भांडी आवरते.

देवगडचा कलमवाला
मग बिनधास्त दे. महिना वीस हजार, बँकेतून. खर्च म्हणून वजा होईल.

ताळेबंद
इथे जपून. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला पगार दिला, तर तो पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानाचाच असेल, तर मिळवत नाहीत.

देवगडचा कलमवाला
तीस माणसांचं जेवण चुलीवर उतरवणं हे ज्ञान नाही? त्याला कागदच हवा?

ताळेबंद
माझ्या मते आहे. पण पात्रता म्हणजे पदवीच का, यावर वाद झालेले आहेत. मी कोणाला त्यावर विसंबून राहा म्हणणार नाही.

त्यापेक्षा खानावळ खरोखर वहिनींची करा. अन्न नोंदणी त्यांच्या नावावर, थाळीचे पैसे त्यांच्या यूपीआयवर, मासळी आणि गॅसचा खर्च त्यांच्या खात्यातून, हिशेबाची वही त्यांची. समजा खानावळीचे अडीच लाख राहतात. त्यांचं उत्पन्न चार लाखांच्या आत, कर शून्य. तुमचं साडेतेरा लाख, कर ८५,८००. म्हणजे ३९,००० वाचले, आणि विचारलं तर सगळं दाखवता येतं. डीप फ्रीजर मात्र तुमच्या पैशाने फुकट घेऊन देऊ नका, त्या भांडवलापुरता नफा तुमच्याकडे येईल. वहिनींच्या साठवणीतून घ्या, किंवा व्याजाने उसने द्या आणि तसं लिहून ठेवा. नाव त्यांचं आणि एटीएम कार्ड तुमच्या खिशात असं असेल, तर हे पुन्हा कर टाळणंच झालं.

हेदवीचा बाबू
मासळी कुठून घेता? आमच्याकडे पापलेट परवडेनासं झालंय.

असगोलीकर
बाबूदादा, नंतर. एक सांगायचं राहिलं. २०२४-२५ चं विवरणपत्र त्याच टॅक्सवाल्याने भरलं. त्यात साडेचार लाख आंब्याचेच दाखवलेत. मी सही करताना वाचलं नव्हतं.

ताळेबंद
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. नोटीस आली नसेल तर अद्ययावत विवरणपत्र भरा. त्याला चार वर्षांपर्यंत मुदत आहे, पण उशिरागणिक महाग पडतं. पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, पुढे वाढत ७० टक्क्यांपर्यंत. आधी पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण उतरवून घ्या, त्यात काय दिसतंय ते बघा.

निवृत्त बाई, रत्नागिरी
आणि घर बाबांचं ना? मग खोल्यांचं उत्पन्न बाबांचं की याचं?

ताळेबंद
बाई, चांगला प्रश्न. घर त्यांचं, बांधकाम आणि धंदा मुलाचा. काही लेखी आहे का असगोलीकर?

असगोलीकर
काहीच नाही. बाबांशी आज रात्री बोलतो.