मदत हवी आहे : रांग मोडली की आकांत, गणपती तोंडावर

भरती_ओहोटी
मुलगा दिवसभर रांगा लावतो. ऑटिझमचं निदान झालेलं आहे, त्यामुळे "डॉक्टरांना दाखवा" नको. रांग मोडली की अर्धा-पाऊण तास रडारड, डोकं आपटणं. नवी खेळणी आणली तर तीही रांगेतच जातात. गणपतीत घरी पंचवीस माणसं असतात आणि रांग नेमकी माजघरात. कुठली खेळणी आणायची आणि दिवस कसा बसवायचा तेवढं सांगा. "प्रेमाने समजवा" कृपया लिहू नका.

रानमेवा
विकतची खेळणी कशाला? परसात सगळं आहे. चिंचोके, सागरगोटे, शिंपल्या, गुंजा. आकार वेगळे, रंग वेगळे, मुलं तासन्तास रमतात.

तिरफळ
गुंजा अजिबात नकोत. लाल-काळ्या दिसतात म्हणून मूल हमखास उचलतं, आणि बी चावली किंवा फुटलेली पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. काजूच्या कच्च्या बियाही नकोत, सालातल्या तेलाने कातडी भाजते. चिंचोके, सागरगोटे मूल तोंडात घालतं की नाही त्यावर ठरेल.

ताई, तुम्ही वय लिहिलेलं नाही. काय रांगेत लावतो? वस्तू तोंडात घालतो का? बोलतो किती? आणि रांग नक्की कोण, कधी, कशी मोडतं?

भरती_ओहोटी
साडेचार वर्षं. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, नाहीतर छोट्या गाड्या. दहा-पंधरा शब्द बोलतो. तोंडात कधीतरी घालतो. रांग माजघरातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते. जेवायच्या वेळी सासूबाई "वाट अडवल्यान" म्हणत केरसुणीने बाजूला करतात. दुसरं काय करणार, पाट मांडायचे असतात. यात वयाचा काय संबंध?

तिरफळ
संबंध झाकणांशी आहे. खेळण्यांच्या चाचणीत छोटे भाग ज्या नळीत टाकून बघतात तिचा व्यास ३१.७ मिमी असतो. दाब न देता जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या किंवा तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हातात देत नाहीत. बाटलीचं साधं झाकण साधारण त्याच मापाचं किंवा थोडं लहान असतं. ती काढून घेऊ नका, नाहीतर तोच आकांत होईल. रुंद तोंडाच्या बरण्यांची, पाच-सहा सेंटिमीटरची एकाच रंगाची झाकणं रोज दोन-तीन याप्रमाणे मिसळत जा आणि लहान तेवढी उचलत जा. तोपर्यंत तो खेळताना कोणीतरी समोर बसा.

चिरेबंदी
मी शाळेत शिकवलेलं आहे. स्पष्ट लिहितो. रांग ही सवय आहे आणि खतपाणी घातलं की सवय वाढते. दिवसातून चार वेळा मुद्दाम रांग बदलायची, एखादी गाडी उलटी ठेवायची. रडेल, दोन दिवसांत थांबेल. जग त्याच्या रांगेप्रमाणे चालणार नाही.

अबोली
काका, मग तो खेळायचं थांबवून रांगेवर पहारा करत बसतो. आमच्या मुलीचं तेच झालं. तिच्या अंगावर घ्यायच्या जड गोधडीने फार फरक पडला, ताई तुम्हीही घ्या.

तिरफळ
जड गोधडीचा इथे उपयोग नाही. प्रश्न झोपेचा किंवा अंगाच्या चुळबुळीचा नाही, जेवणाच्या वेळी रांग नाहीशी होते त्याचा आहे. आणि लहान मुलाला स्वतः बाजूला सारता येणार नाही इतकं जड पांघरूण धोक्याचं, तेव्हा विचारल्याशिवाय नकोच.

चिरेबंदी सरांचं एक खरं आहे, लहानसहान बदल सोसायची ताकद हळूहळू वाढवावी लागते. पण न सांगता वस्तू उलटी ठेवली तर मूल बदल सोसायला शिकत नाही, "मोठं माणूस जवळ आलं की मोडतोड" एवढंच शिकतं.

ताई, जमिनीवरच्या रांगेला शेवट नसतो. जिथवर फरशी तिथवर रांग, मग ती "संपली" हे त्याला कळणार कशावरून? केरसुणी आली की संपली, एवढीच खूण त्याला मिळाली आहे. तेव्हा रांगेला सरकणारी जागा द्या आणि दिसेल असा शेवट द्या.

पाच मिमीचा सनबोर्ड घ्या, साधारण १२० सेंमी लांब, २० सेंमी रुंद. प्लाय पावसाळी हवेत वाकतो आणि जड होतो. वर कपाटाच्या खणात घालतात ती जाळीदार रबरी मॅट चिकटवा, नाहीतर बोर्ड सरकवताना गाड्या घरंगळतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. उजव्या टोकाला लाल टेपने एक चौकोन आखा. त्या चौकोनात शेवटची वस्तू.

पहिले तीन-चार दिवस काहीच शिकवू नका. तो जिथे रांग लावतो तिथेच बोर्ड अंथरून ठेवा. वस्तू मोजून द्या, बोर्ड भरेल एवढ्याच, म्हणजे सहा सेंमीची झाकणं असतील तर वीस. जास्तीची झाकणं त्याला दिसली तर रांग बोर्डाबाहेर निघणारच, ती आधी कपाटात टाका. बोर्डावर बसायला लागला की शेवटचं झाकण लाल चौकोनात गेल्यावर "संपलं" म्हणा, दर वेळी हाच एक शब्द. मग बोर्ड न मोडता दोघांनी मिळून पलंगाखाली सरकवा. रांग शाबूत राहते आणि जेवण झाल्यावर तशीच परत मिळते. बऱ्याच मुलांचा आकांत खेळ थांबण्यापेक्षा रांग नष्ट होण्याचा असतो. तुमच्याकडे कुठला आहे ते इथेच कळेल. शाबूत बोर्ड सरकवूनही तेवढाच रडला तर कारण वेगळं, मग परत लिहा.

डोकं आपटायला लागला तर हात धरून ओढू नका, डोकं आणि फरशीच्या मध्ये उशी सरकवा, बोलणं बंद ठेवा. रोज आपटत असेल किंवा हे अलीकडे वाढलं असेल, तर तुम्ही नको म्हणालात तरी सांगते, कान, दात आणि पोट साफ होतं की नाही हे तपासून घ्या. सांगता येत नसलेलं दुखणं असंच बाहेर पडतं.

पाणंद
यूडीआयडी कार्ड काढलंत का? ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. कार्ड झालं की निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. कागद आधी करा, खेळणी नंतर.

भरती_ओहोटी
कार्डाचं मी विचारलेलं नाही. तिरफळ, बोर्ड समजला. पण जेवायला उठवायचं कसं? फोनचा टायमर लावला होता, वाजला की कान झाकतो आणि पळतो.

तिरफळ
आवाज नकोच. सुतळीवर कपड्यांचे पाच चिमटे लावून त्याच्या डोळ्यांसमोर बांधा. साधारण मिनिटाला एक काढून डब्यात टाका. शेवटचा निघाला की "संपलं", बोर्ड सरकवायचा. रडला म्हणून एक चिमटा परत लावलात तर त्या चिमट्यांना काही अर्थ उरत नाही. रांग अर्धी असताना चिमटे सुरू करू नका, शेवटची पाच-सहा झाकणं उरली की सुरू करा.

शेजारी दोन फोटो, "आधी" आणि "नंतर". आधी ताट, नंतर बोर्ड. फोटो तुमच्याच ताटाचा, साध्या पांढऱ्या चादरीवर ठेवून काढलेला. नक्षीच्या फरशीवर काढला तर तो नक्षी बघत बसेल. फोटो आधी कापा, मग लॅमिनेट करा आणि कडेने अर्धा सेंटिमीटर प्लास्टिक सोडा. अख्खा कागद लॅमिनेट करून मग कापला की कडा उघड्या राहतात आणि श्रावण संपेपर्यंत आत बुरशी.

एक चूक सगळ्या घरांत होते. हे फोटो फक्त रांग थांबवायच्या वेळी काढतात, मग फोटो दिसला की मूल पळतं. आवडत्या गोष्टींनाही वापरा. आधी चप्पल, नंतर समुद्र.

रानमेवा
आणि खेळणी? तो मूळ प्रश्न होता.

तिरफळ
बरोबर. ज्यात रांग हाच खेळ आहे आणि ज्याला शेवट आहे अशी घ्या. ओवायचे मोठे लाकडी मणी, अडीच सेंमीचे नकोत, चारचे घ्या. एकात एक बसणारे कप. खुंट्यांचा बोर्ड, मोठ्या खुंट्यांचा. रेल्वेचे रूळ फार चांगले, कारण तुकडे रांगेत लागतात पण त्यांना वळण येतं, आणि त्याच गाड्या आता कुठेतरी जातात. पाकिटावर आयएसआय खूण बघा, २०२१ पासून ती बंधनकारक आहे. जत्रेतल्या सुट्या खेळण्यांवर नसते. छोटी लोहचुंबकं आणि बटन सेल असलेलं काहीही घरात नको.

शेजारी तुमचा वेगळा बोर्ड ठेवा. त्याने लाल-निळं-लाल लावलं की तुम्हीही तेच लावा, काही न बोलता. तो वळून बघायला लागला की तुमच्या रांगेत एक पिवळं ठेवा. त्याच्या रांगेला हात नाही. मग एक झाकण तुमच्या हातात ठेवून थांबा, त्याने मागितलं की द्या. "दे" हा शब्द इथे सहज निघतो.

चिरेबंदी
सांगून बदल करायचा, हे मला पटलं. पण तुम्ही बदल मुलाच्या रांगेत करतच नाही. गणपतीला पंचवीस जण असताना कोणाचा तरी पाय लागणारच. त्याची तयारी आत्ताच नको का?

तिरफळ
हवी, पण बोर्ड आणि चिमटे बसल्यावर. त्याच्याच हातात एक वेगळं झाकण द्या, "बदल" म्हणा, नको असेल तर त्याला परत काढू द्या. काढल्यावर शांत राहिला तरी पुरे. ते गणपतीआधी जमेल की नाही हे मूल बघूनच ठरवता येईल. मी असते तर सणाचे दिवस त्याशिवाय काढले असते.

चिरेबंदी
मी नसतो. सणच खरी परीक्षा असते.

अबोली
पंचवीस माणसांत परीक्षा मुलाची नको. आमच्याकडे आम्ही तिची जागा माळ्याखालच्या खोलीत नेली आणि दारावर तिचा फोटो लावला.

भरती_ओहोटी
आमच्याकडे पाच दिवसांचा. आतली खोली देता येईल. पण तिथे गेला तर गाणं-आरतीला बाहेर येणारच नाही ना?

तिरफळ
बोर्ड आजपासून आतल्या खोलीत नेऊ नका, आधी माजघरात रुळू दे. मग रोज हातभर दाराकडे सरकवा. सणाच्या आठवडाभर आधी तो आत पोचला पाहिजे.

आरतीसाठी झांजांचं रेकॉर्डिंग रोज दोन मिनिटं, अगदी बारीक आवाजात, आतल्या खोलीत असतानाच लावा. त्या दिवशी कान झाकायचे हेडफोन द्या आणि दाराशी उभा राहिला तरी चालेल. पाच फोटो भिंतीवर ओळीने लावा, रोज एक उलटा करायचा, पाचव्यावर विसर्जनाचा फोटो. मखर रिकामं दिसल्यावर मुलं बिथरतात, तेव्हा सहावा फोटो रिकाम्या माजघराचा लावा, तो तुमच्याकडे आत्ताच काढता येईल.

आणि केरसुणी. सासूबाईंना सांगा, चिमटे संपले की बोर्ड सरकवायचं काम त्यांचं. पाट मांडायला जागा त्यांनाच हवी आहे ना.

भरती_ओहोटी
सनबोर्ड वेंगुर्ल्यात मिळतो का? की कुडाळला जावं लागेल?

पाणंद
फ्लेक्स बॅनर छापणाऱ्याकडे मागा, कापलेले तुकडे असतात. कडा टेपने बंद करून घ्या, हात चिरतो.