छोट्या अपघातानंतर मैत्रिणीला पहिला मेसेज: ‘कसं झालं?’ विचारावं की नाही?

पर्वरीची नीता
माझी मैत्रीण काल संध्याकाळी स्कूटरवरून म्हापशाहून पर्वरीला येताना गिरीजवळ एका कारला घासून पडली. हेल्मेट होतं. गुडघा आणि कोपर सोललंय, आता घरी आहे. चूक तिची की कारवाल्याची यावर दोन्हीकडून बोलणं सुरू झालंय, मला त्यात पडायचं नाही. तिला काय लिहू? तीनदा लिहिलं आणि पुसलं.

आके मडगाव
मी अकरा वर्षं कॅज्युअल्टीत नर्स होते. पडलेल्या माणसाच्या फोनवर पहिल्या दोन तासांत जे येतं ते जवळून पाहिलंय. वीस जण ‘कसं काय झालं गं?’ विचारतात आणि ती वीस वेळा तोच प्रसंग सांगते. चौथ्या-पाचव्यांदा ती सांगत नसते, स्वतःची बाजू मांडत असते. ‘माझा इंडिकेटर चालू होता, मी हळूच होते...’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी तिला तो जाब वाटतो.

मी असं लिहीन:

‘अगं, आत्ताच कळलं. तू घरी पोचलीस हे ऐकून जीव भांड्यात पडला. काही सांगत बसू नकोस, उत्तरही आत्ता नको. उद्या साडेसातला पेज आणि तोराचं लोणचं घेऊन येते, तुला उठायला नको, दार काकूंना उघडायला सांग. रात्री डोकं दुखायला लागलं किंवा उलटी झाली तर कितीही वाजले असोत, मला फोन कर.’

‘काही लागलं तर सांग’ नको. दुखऱ्या माणसाला मदत मागायचं कामही आपणच लावतो.

विमावाला, फोंडा
मेसेज गोड आहे, पण अर्धवट आहे. पहिला दिवस निघून गेला की गोष्टी हातातून जातात. कारचा नंबर, दोन्ही गाड्यांचे फोटो, तिथे थांबलेल्या माणसाचा फोन नंबर. कुणाला लागलं असेल तर चालकाने 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं, मोटार वाहन कायदा 1988, कलम 134. विमा कंपनीलाही लगेच सांगावं लागतं. जिवलग मैत्रीण हे विचारणार नाही तर कोण विचारणार? उलट मी म्हणेन, काय झालं ते तिच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहूनच घ्या. पुरावा राहतो.

आके मडगाव
फोटो आणि 24 तासांचं बरोबर. लिहून घेण्याचं मात्र मुळीच करू नका. पडल्यावर माणूस हादरलेला असतो. ‘माझंच लक्ष नव्हतं गं’ असं सहज लिहून जातो, मग ते खरं असो वा नसो. तेच वाक्य पुढे स्क्रीनशॉट होऊन फिरतं.

थिवीचा सुदेश
हे माझ्याबाबत झालंय. मी मित्रांच्या ग्रुपवर ‘चुकलं माझंच’ टाकलं, आणि समोरच्या गाडीवाल्याचा मावसभाऊ त्याच ग्रुपात! गोव्यात कोण कुणाचा कोण लागतो हे सांगता येत नाही.

वाळपईकर
हळदीचा लेप लावायला सांगा. आम्ही लहानपणापासून तेच करतो.

आके मडगाव
खरचटलेल्या जागेवर हळद नको, आत धूळ-खडी राहते. वाहत्या पाण्याखाली साबणाने हलक्या हाताने धुवायचं. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना दाखवून ते घ्यायचं. नीताताई, तुमचा प्रश्न मेसेजचा आहे, म्हणून एवढंच.

डिचोलीचा परेश
माझं उत्तर थोडं वेगळं आहे. मी दोन वर्षांपूर्वी बाइकवरून पडलो. घरी पाय ठेवला तोच आई म्हणाली, ‘मी सांगत होते ना, रात्रीचं जाऊ नको.’ वडील म्हणाले, ‘हेल्मेटचा पट्टा लावला होतास का?’ ते प्रेमानेच बोलत होते, मला कळत होतं. पण रात्री दोन वाजता मला उलटी झाली, परत पहाटे झाली, आणि मी कुणालाच उठवलं नाही. सांगितलं असतं तर पट्ट्याचा विषय पुन्हा निघाला असता. सकाळी बहिणीने बघितलं तेव्हा मी तेच तेच विचारत होतो म्हणे. पुढे सगळं नीट झालं. पण ती रात्र मी एकट्याने काढली, ती ‘चूक कुणाची’ या प्रश्नामुळे.

आके मडगाव
परेश, अगदी हेच सांगायचं होतं. डोक्याचा मार कधी कधी उशिरा दिसतो, म्हणून पहिला दिवस-दीड दिवस नीट लक्ष ठेवायचं. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, उठवलं तरी गुंगीत असणं, बोलणं अडखळणं, नाकातून वा कानातून पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन. हे ती सांगेल कुणाला? जिच्यासमोर सफाई द्यावी लागणार नाही तिला.

नीताताई, ‘हेल्मेट घातलं होतंस ना?’ हा जाब झाला. उद्या तिच्याकडे गेलात की कोपऱ्यातलं हेल्मेट हातात घ्या आणि बोट फिरवून बघा. नवा ओरखडा किंवा चीर दिसली तर डोकं आपटलं असणार असं समजा, मग तिला आठवत असो वा नसो. तेव्हा विचारा, ‘मान दुखते का गं?’ आणि ते हेल्मेट पुन्हा वापरू देऊ नका.

म्हापशाची मावशी
माझ्या मते एक ओळ हवीच: ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती.’ आणि बोडगेश्वराला नारळ ठेवायला सांगा. मोठ्यांनी असं म्हटलं की मन शांत होतं.

थिवीचा सुदेश
मावशी, नारळ ठेवा, पण ती ओळ नको. मला ती सात जणांनी पाठवली. प्रत्येक वेळी वाटायचं, म्हणजे मी मेलोच असतो. आठवडाभर डोळे मिटले की ट्रकचा पुढचा भाग दिसायचा.

म्हापशाची मावशी
तुला तसं वाटलं असेल, बाबा. आमच्या घरी ती ओळ धीर देते. मी तर म्हणणारच.

पर्वरीची नीता
सगळ्यांचं वाचलं. पाठवला. ‘जीव भांड्यात पडला’ ठेवलं, लोणचं काढलं, तिला आवडत नाही. ‘तू कशी आहेस’ हेसुद्धा काढलं, कारण त्याचं उत्तर ‘बरी आहे’ एवढंच येतं. दहा मिनिटांनी तिचा आवाज आला: ‘ये गे. पेज पातळ कर. आणि डाव्या बाजूला झोपवत नाही.’

विमावाले दादा, तुमचंही राहिलं नाही. तिच्या भावाला वेगळा फोन केला. त्याने रात्रीच स्कूटरचे फोटो काढलेत, पोलीस चौकीवरही तोच जाणार आहे. तिला मी यातलं काही विचारलं नाही.

विमावाला, फोंडा
भावाला कारचा नंबर माहीत आहे का? तिलाच विचारावा लागेल, आज ना उद्या.

पर्वरीची नीता
उद्या. आधी डाव्या बाजूचं बघते. बरगडी असेल का?

आके मडगाव
खोल श्वास घेताना किंवा खोकताना कळ येते का, ते आत्ताच विचार. येत असेल तर उद्या थांबू नकोस, आज दाखवून आण.