मदत हवी आहे: ‘व्यक्ती आली’, मग पुढे ‘त्याने’ की ‘तिने’?

हिंदीतून मराठीत छोटी वाक्यं करतोय. ‘आवाज़ आई’चं ‘आवाज आला’, ‘दुकान बंद थी’चं ‘दुकान बंद होतं’ हे जमलं. लिंग बदलणाऱ्या नामांची यादी समोर ठेवली की चूक लगेच दिसते.

अडलंय ते इथे: ‘एक व्यक्ति आया। उसने चाय माँगी।’ हिंदीत व्यक्ति पुल्लिंगी, आपल्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून ‘एक व्यक्ती आली’. पण ‘उसने’मध्ये लिंग कळतच नाही, मराठीत मात्र निवडावंच लागतं. येणारा पुरुष आहे हे पुढच्या परिच्छेदात स्पष्ट आहे. ‘तिने चहा मागितला’ लिहिलं की वाचणाऱ्याला बाई वाटते. ‘त्याने’ लिहिलं की आधीच्या ‘आली’शी तुटतं. ‘माणूस’ वापरून पाहिलं, पण मूळ मजकुरात ‘व्यक्ति’ मुद्दाम आहे, तो बदलायचा नाही.

छापील मराठीत अशा वेळी दुसऱ्या वाक्यात कोणतं सर्वनाम ग्राह्य धरतात?