‘रेलेव्हंट कॉस्ट’ला मराठीत काय म्हणायचं? बुश घरी करायचा की विकत घ्यायचा, या हिशेबासाठी

अनुजा
दादाचं शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, शेतीपंपाचे भाग करतात. बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची नळी, हा त्यातलाच एक. त्याच्यासाठी आणि त्याच्या ओळखीतल्या चार-पाच जणांसाठी मी एक मराठी टिपण लिहितेय. गाडी ‘रेलेव्हंट कॉस्ट’, म्हणजे निर्णय बदलला की जो खर्च बदलतो तो, त्यापाशी अडली. कॉलेजात आम्ही ‘संबद्ध परिव्यय’ असं शिकलो होतो, तेच लिहिलं. दादाने वाचलं आणि म्हणाला, “संबद्ध म्हणजे बुशाशी संबंध असलेला ना? मग मी लिहिलेला सगळाच खर्च संबद्ध आहे की. संबंध नसलेला मी कशाला धरेन?”

त्याचा कागद असा आहे. गनमेटलच्या एका बुशाला कास्टिंग १८० रुपये, ऑपरेटर २८, वीज आणि टूल १४, सीएनसीचा घसारा १६, शेडभाडं आणि ऑफिसचा वाटा २२. एकूण २६०. बाहेरचा माणूस त्याच्या मालासकट २४० ला देतोय, टेंपोभाडं ५ धरलं तर २४५. महिन्याला १००० बुश लागतात. दादा म्हणतो, “आपल्याला २६० ला पडतो, बाहेर २४५ ला मिळतोय, महिन्याला १५ हजार सुटले.” त्याचं चुकतंय हे मला कळतंय, पण ज्या शब्दाने ते त्याला पटेल तो शब्द सापडत नाही.

रमाकांत
‘कॉस्ट’साठी ‘लागत’ लिहू नये, तो हिंदी आहे. मराठीत ‘खर्च’ आहे, शास्त्रात ‘परिव्यय’ आहे. ‘संबद्ध परिव्यय’ शुद्ध आणि योग्य आहे. लोकांना कळत नाही म्हणून शब्द बदलायला लागलो तर परिभाषा कधीच रुजणार नाही.

अनुजा
काका, ‘लागत’ मी कुठेच लिहिलेलं नाही. आणि दादाला शब्द कळला नाही असंही नाही, त्याने त्याचा अर्थ सरळ लावला. तो अर्थ हिशेबाच्या उलट जातोय, हीच अडचण आहे.

निखिल
सोपं आहे. ‘बदलता खर्च’ म्हणा. घसारा, भाडं हे फिक्स्ड, ते सोडायचं. बाकी धरायचं. १८० अधिक २८ अधिक १४ म्हणजे २२२. घरचा बुश २२२ ला, बाहेरचा २४५ ला. घरीच करा.

सुलभा जोगळेकर
मी तीस वर्षं कारखान्यांचं कॉस्टिंग केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अनुजा, घोटाळा ‘संबद्ध’मध्ये नंतर आहे, आधी तो ‘पडतो’मध्ये आहे. “केवढ्याला पडतो?” हा आपला रोजचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर म्हणजे सगळ्या खर्चाची वाटणी. बिलाचा भाव ठरवायला ती वाटणी उपयोगी आहे. पण बुश बाहेर द्यायचा का, याला वेगळा प्रश्न लागतो: उद्यापासून बुश करणं थांबवलं तर खिशातून जाणारं नेमकं काय थांबेल? दादांना त्यांच्या कागदावरची एकेक ओळ याच प्रश्नाने विचारा. कास्टिंग आणायचं थांबेल, १८० वाचले. वीज-टूल १४ वाचले. घसाऱ्याचे १६? मशीन तिथेच उभं राहणार. भाड्याचे २२? मालक शेडभाडं कमी करणार नाही, ऑफिसातला पगारही तोच राहील.

निखिल, तुमचं उत्तर इथे बरोबर दिशेला गेलं, पण तो नियम म्हणून धरू नका. ऑपरेटर महिन्याच्या पगारावर असेल तर त्याचे २८ तुम्ही ‘बदलते’ कशावरून धरलेत? तो राहिला तर एक रुपया वाचत नाही. उलट, फक्त बुशासाठी शेजारचा गाळा भाड्याने घेतला असेल आणि तो सोडता येत असेल, तर ते भाडं फिक्स्ड असूनही वाचतं. खर्च स्थिर की बदलता, ही एक विभागणी. निर्णयाने तो हलतो की नाही, ही दुसरी. दोन्ही बऱ्याचदा एकमेकांवर बसतात म्हणून माणूस फसतो.

मी वर्कशॉपवाल्यांशी बोलताना ‘वाचणारा खर्च’ म्हणत आले.

अनुजा
ऑपरेटर ११ वर्षं दादाकडे आहे. त्याला काढायचा विषयच नाही. म्हणजे वाचणार फक्त १९४, आणि द्यायचे २४५. बुशामागे ५१ रुपये जास्त, महिन्याला ५१ हजार! दादा १५ हजार सुटले म्हणत होता.

‘वाचणारा खर्च’ ऐकून त्याने लगेच मान डोलावली. पण कागदावर ‘वाचणारा’ म्हणजे पुस्तक वाचणाराही होतो. आणि त्याने लगेच विचारलं, “मशीनचा हप्ता दर महिन्याला खात्यातून जातो, तो बिनमहत्त्वाचा कसा?”

सुलभा जोगळेकर
हप्ता महत्त्वाचा आहेच, चुकला तर बँक दारात येईल. पण बुश घरी केला तरी तो जाणार, विकत आणला तरी जाणार. दोन्ही पारड्यांत सारखंच वजन आहे, म्हणून ते काढून ठेवलं तरी काटा हलत नाही. म्हणूनच ‘महत्त्वाचा खर्च’ किंवा ‘आवश्यक खर्च’ असे शब्द मला चालणार नाहीत. मशीन विकायचाच विचार असेल तर आज त्याचे हातात किती येतील ते मोजायचं. वहीत त्याची किंमत किती उरली आहे, त्याचा इथे संबंध नाही.

निखिल
मग ‘सन्क कॉस्ट’ला ‘बुडीत खर्च’ म्हणतात ते बरोबर ना?

सुलभा जोगळेकर
मला तो शब्द खटकतो. बुडीत कर्ज म्हणजे परत न येणारं, तोट्याचं. दादांचं मशीन काही बुडालेलं नाही, रोज कमावतंय. ‘होऊन गेलेला खर्च’ म्हटलं तर कुणाचं मन दुखत नाही आणि अर्थही नेमका राहतो.

अनुजा
एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती. दादा मशीन रिकामं ठेवणार नाही. एका पार्टीने त्याला तासाला ४५० रुपयांनी महिना १५० तासांचं जॉबवर्क देऊ केलंय, माल त्यांचा. एका बुशाला १० मिनिटं लागतात, म्हणजे १००० बुशांचे सुमारे १६७ तास मोकळे होतील. आता हे ‘वाचणाऱ्या खर्चा’त कुठे बसवू? हा तर खर्चच नाही.

सुलभा जोगळेकर
इथे माझा शब्द तोकडा पडतो, मान्य. हिशेब मात्र होतो. तासाला ६ बुशांची वीज-टूल ८४ रुपये होते, जॉबवर्कलाही तेवढीच धरू. ४५० तून ती गेली की तासाला ३६६ उरतात. १५० तासांचे ५४,९००. त्यासाठी ५१,००० जास्त मोजायचे. हातात ३,९०० उरतात. बुश घरी केला तर ही कमाई हुकते, म्हणून ती घरच्या बुशाच्या खात्यावर खर्चासारखी मांडायची. पुस्तकात याला ‘संधी खर्च’ म्हणतात, मी ‘हुकलेली कमाई’ म्हणते.

या निर्णयाचा जीव तासांत आहे, हेही टिपणात लिहा. ५१,००० भागिले ३६६ म्हणजे जवळजवळ १४० तास. पार्टीने महिन्याला १४० पेक्षा कमी काम दिलं की तोटा सुरू. १५० चा शब्द तोंडी आहे की लेखी?

वैशाली, नाशिक
आमचा अनुभव सांगते. पॅनेल बॉक्सच्या बिजागरीच्या पिना आम्ही घरी करायचो, स्वस्त पडतात म्हणून बाहेर दिल्या. चौथ्या महिन्यात ४०० पिनांचा लॉट आला, एका टोकाला दोन दशांश मिलिमीटर जाड. बिजागरीत अर्ध्यापर्यंत जायच्या आणि अडायच्या. मुलं दोन दिवस पॉलिश पेपरने घासत बसली. तोवर आमचा टर्नर दुसरीकडे लागला होता, त्यामुळे परत घरी सुरू करता येईना. वर पुढच्या ऑर्डरला भाव वाढवून सांगितला. या ‘मागे फिरण्याच्या खर्चा’लाही एखादा शब्द द्या. कुठल्याच कागदावर तो आमच्या नजरेला आला नव्हता.

सुलभा जोगळेकर
वैशालीताई, त्याला रूढ शब्द मला माहीत नाही. तुमचाच चांगला आहे.

लेथवाला
मी स्वतः टर्नर आहे, पुस्तकी शब्द मला येत नाहीत. पण एक विचारतो. गनमेटलचा कीस कुठे गेला? बुश टर्न करताना जो कीस पडतो तो कुणी फेकत नाही, पोती भरून विकतात, गनमेटलला चांगला भाव असतो. बाहेरचा माणूस त्याच्या मालासकट देतोय, म्हणजे कीस त्याचा.

आणि दुसरं. तुम्ही सगळे ‘बाहेर द्यायचं’ एवढंच म्हणताय. आमच्यात त्याचे दोन प्रकार असतात. ‘विथ मटेरियल’ म्हणजे विकतच घेणं. ‘लेबर जॉब’ म्हणजे कास्टिंग आपलं, तो फक्त टर्निंगची मजुरी घेणार, आणि कीस परत द्यायचं ठरवता येतं. मराठीत ‘करून घेणं’ आणि ‘विकत घेणं’ वेगळं आहे ना? मग टिपणात पण वेगळं ठेवा.

अनुजा
लेथवाले दादा, तुमचे खूप आभार. दादाला विचारलं तर म्हणाला, “ते पैसे किरकोळ जमेत जातात, चहापाण्याच्या वहीत.” ती वही काढली. गेल्या तीन महिन्यांत कीस विकून आलेली रक्कम बुशांनी भागली, तर एका बुशाला १२ रुपये येतात.

म्हणजे विकत घेतलं की बुशामागे ५१ नाही, ६३ जास्त जातात. महिन्याला ६३,०००. जॉबवर्कचे ५४,९०० आले तरी ८,१०० चा तोटा. ६३,००० भरून निघायला १७२ तास लागतील, आणि मोकळे होणार आहेत १६७. मशीन पूर्ण भरलं तरी भागत नाही!

निखिल
मी दोनदा चुकलो. कीस मी उत्पन्न म्हणून सोडून दिला असता.

सुलभा जोगळेकर
मीही सोडला होता, निखिल. कागदावर ओळ नव्हती म्हणून मी विचारलंच नाही. बाहेर पोत्यात काय भरलं जातंय, हे टर्नरला दिसलं.

अनुजा, लेबर जॉबचा भाव मागवून बघा. कीस परत येणार असेल तर दोन्ही बाजूंचं टेंपोभाडं १० धरा आणि वाचणारे वीज-टूल १४ वजा करा. मजुरी बुशामागे ५८ रुपये ९० पैशांपर्यंत असेल तर १५० तासांच्या जॉबवर्कने बरोबरी होते. त्याच्या खाली जितकी मिळेल तितका फायदा. कीस वजनावर परत घ्यायचा, नाहीतर पोती हलकी होतात.

रमाकांत
मग आता शब्द कोणता ठरला? ‘वाचणारा खर्च’मध्ये कीस बसत नाही, हुकलेली कमाईही बसत नाही. ‘संबद्ध’मध्ये निदान सगळं बसतं.

अनुजा
काका, सगळं बसतं म्हणूनच दादाने त्यात घसाराही बसवला. मी सध्या ‘फरकाचा हिशेब’ असं शीर्षक दिलंय. खाली तीन रकाने केलेत: थांबवलं तर वाचणारं, बाहेर द्यावं लागणारं, आणि हुकणारं किंवा नव्याने मिळणारं. कीस तिसऱ्यात टाकलाय. ‘संबद्ध परिव्यय’ एकदा शेवटी लिहीन, पुढे पुस्तक उघडणाऱ्याला ओळख पटावी म्हणून.

सुलभा जोगळेकर
‘फरकाचा’ चालेल, पण ‘फरक’ म्हटलं की हिशेबात चूक निघाली असाही अर्थ होतो. दुकानात “दहा रुपयांचा फरक येतोय” म्हणतात तसा. ‘फरक पाडणारा खर्च’ करून बघा. लांब आहे, पण चुकीचा अर्थ निघत नाही.

लेथवाला
आमच्या मिस्त्रींना दोन्ही वाचून दाखवले. त्यांना ‘वाचणारा’ पटला. लेबर जॉबचा भाव आला की इथे टाका, ५८ च्या खाली बसतो का बघू.