डीपीत नुसता चेहरा ठेवावा की मागचा फुटाळाही?

मानेवाड्याचा कूलरवाला
माझं एसी-कूलर दुरुस्तीचं काम आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला फुटाळ्यावर बाइकला टेकून उभा असलेला पूर्ण फोटो आहे. परवा एका ताईंनी डीपी बघून बोलावलं आणि दारात विचारलं, "तुम्हीच का ते?" मित्र म्हणतो नुसता चेहरा कापून गोलात बसव. बायको म्हणते, तलाव काढला तर फोटोत उरलं काय? काय करू?

महालातला फोटोवाला
वहिनींची माफी मागून मित्राचं ऐका. चॅटच्या यादीत डीपीचा गोल जेमतेम आठ मिलिमीटरचा दिसतो. तुमचा फोटो उभा, ३००० बाय ४००० पिक्सेलचा आहे असं धरू. त्यात तुम्ही डोक्यापासून बुटापर्यंत २४०० पिक्सेल व्यापले असतील, तर हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या डोक्याच्या वाट्याला ३२० च्या आसपास येतात. अ‍ॅपने अख्खी रुंदी घेऊन ३००० चा चौकोन कापला, म्हणजे डोकं त्याच्या नवव्या-दहाव्या हिश्शाएवढं. आठ मिलिमीटरचा दहावा हिस्सा काढून पाहा, एक मिलिमीटरही भरत नाही. त्या ताईंनी ओळखायचं कशावरून, बाइकवरून?

आता चौकोन लहान करा. डोक्याची उंची चौकोनाच्या साठ टक्के येऊ द्या. ३२० ला ०.६ ने भागलं की बाजू येते साधारण ५३० पिक्सेल. त्याच आठ मिलिमीटरच्या गोलात डोकं आता पाच मिलिमीटरचं झालं. भुवया, मिशी, चष्मा असेल तर चष्मा, सगळं कळतं. टाळूच्या वर पंधरा टक्के जागा सोडा आणि उरलेली पंचवीस हनुवटीखाली मान-कॉलरला द्या. डोळे आपोआप मध्याच्या किंचित वर येतात, गोल जिथे जवळजवळ पूर्ण रुंद असतो तिथे.

आणि फुटाळा वेगळा काढायची गरजच पडत नाही. चौकोनात गोल बसवला की चार कोपऱ्यांत मिळून एकवीस टक्क्यांहून जास्त भाग तसाच जातो. बाइकचा आरसा, मागचा भुट्टेवाला, कुणाचा तरी खांदा, ही मंडळी बहुतेक कोपऱ्यातच असतात.

इतवारीची काकू
मला नाही पटत. आमचं तीन पिढ्यांचं किराणा दुकान आहे आणि डीपीला दुकानाची पाटी. गिऱ्हाईक माझं तोंड पाहून डाळ घेतं का? पिवळी पाटी दिसली की कळतं इतवारीचं दुकान. आजकाल सगळ्यांचे डीपी सारखेच झालेत, गोलात एक मुंडकं आणि मागे पांढरं. कोण कुठला, काही पत्ता लागत नाही. फुटाळ्याने निदान माणूस नागपूरचा आहे हे तरी कळतं.

महालातला फोटोवाला
काकू, तुमचं दुकान जागेवर आहे, गिऱ्हाईक चालत येतं. पाटीवरचं नाव त्या गोलात कुणालाच वाचता येत नसणार. ओळख पटते ती पिवळ्या रंगाने, आणि ते तुमच्या कामाला पुरे आहे. हा भाऊ लोकांच्या घरात शिरतो. दार उघडणारीला त्याचं तोंड आधीच माहीत असणं हीच डीपीची कमाई. आणि आठ मिलिमीटरच्या गोलात फुटाळा म्हणजे निळसर पट्टी, ती अंबाझरी आहे की गोरेवाडा, हे तुम्ही तरी सांगाल का?

आयटी पार्कवाला
साठ टक्के कशाला, नव्वद कर भाऊ. जेवढा मोठा चेहरा तेवढा चांगला. आजकालचे फोन ५० मेगापिक्सेलचे, कितीही कापा. किंवा सरळ हात लांब करून नवीन सेल्फी घे, अ‍ॅपमध्ये बॅकग्राउंड उडव, पांढरं टाक, दोन मिनिटांचं काम. मी आधीच गोल कापून पीएनजी करून ठेवतो, तोच सगळीकडे लावतो.

महालातला फोटोवाला
आवरतं घ्या साहेब, चार गोष्टी एकदम आल्या.

नव्वद टक्क्यांना टाळू आणि हनुवटी दोन्ही काठाला चिकटतात. मान जाते, कॉलर जाते, आणि दरवाजाच्या भोकातून कुणी डोकावतंय असं दिसतं. डोकं जरा कलतं असेल किंवा केस उभे असतील तर वरून छाटलेच जातात, कारण गोल वरच्या बाजूला निमुळता होत जातो. चौकोनात बरोबर वाटलेला फोटो गोलात कोंबल्यासारखा वाटतो तो त्यामुळे.

मेगापिक्सेलचं अर्धं खरं. एक तर ५० वाले बरेच फोन मुद्दाम सेटिंग बदललं नाही तर १२ चाच फोटो साठवतात. दुसरं, फोटो कुठल्या प्रतीतून कापता त्यावर सगळं आहे. कूलरवाले भाऊ, फुटाळ्यावरचा फोटो मित्राने काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता का? साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलवर येते. तुमचे ४००० चे १६०० झाले, तर डोक्याचे ३२० चे राहतात १२८. मग साठ टक्क्यांचा चौकोन भरतो फक्त २१३ पिक्सेलचा. यादीत तो चालून जाईल, पण कुणी बोट ठेवून डीपी मोठा केला की तेच २१३ पिक्सेल पडद्याच्या हजारेक पिक्सेल रुंदीवर ताणले जातात. ओळखायची खूण सोपी आहे: भुवई मोठी करून पाहा. केसाचा केस दिसला तर प्रत चांगली. काळा डाग आणि केसांच्या कडेला चौकटी-चौकटी दिसल्या तर मित्राकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, त्यात तो आहे तसा येतो.

गोल पीएनजी मात्र नका करू. अ‍ॅपला चौकोनच हवा असतो, गोल तो स्वतः कापतो. तुमच्या गोलाचे रिकामे कोपरे जेपीजी होताना काळे किंवा पांढरे भरले जातात. तुमचा गोल आणि त्याचा गोल केसभर जरी सरकला तरी कडेला चंद्रकोर दिसते. काळ्या थीमवर पांढरी कोर तर फारच वाईट.

आयटी पार्कवाला
कोर येते खरी, मला वाटायचं फोनचा दोष आहे. बरं, सेल्फीत काय वाईट?

महालातला फोटोवाला
लांबलेला हात म्हणजे कॅमेरा तोंडापासून दीड-दोन फुटांवर. तेवढ्या अंतरावर नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब, हा फरक मोठा ठरतो. नाक फुगतं, कान मागे पळतात. कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करून दुप्पट झूमवर काढून घ्या आणि मग कापा. कापल्याने चेहऱ्याची ठेवण बदलत नाही. ती ठरते कॅमेरा किती लांब होता त्यावर.

हुडकेश्वरची आई
हाच कापलेला फोटो माझ्या मुलीच्या परीक्षेच्या ऑनलाइन फॉर्मला चालेल का? तिथे पण चेहरा स्पष्ट पाहिजे असं लिहिलंय.

महालातला फोटोवाला
नाही ताई. फॉर्मला उभा आयत लागतो, खांदे दिसावे लागतात, आणि माप त्यांच्या सूचनेत दिलेलं असतं ते पाळावं लागतं. तो वेगळाच काढा. मूळ फोटो जपून ठेवला असेल तर दोन्ही कापता येतील, म्हणून कापताना नेहमी प्रत सेव्ह करा, मूळावर नको.

शंकरनगरची शिकवणीवाली
एक गोष्ट कुणी बोललंच नाही. एवढा मोठा, स्पष्ट चेहरा अनोळखी माणसांच्या फोनमध्ये काहून द्यायचा? माझ्या ओळखीतल्या एकीचा डीपी उचलून कुणीतरी भलत्याच नंबरवर लावला होता. तेव्हापासून मी पाठमोरा फोटो ठेवते. पालकांना मी शाळेपासून माहीत आहे, त्यांना तोंड दाखवायची गरज नाही.

आयटी पार्कवाला
सेटिंगमध्ये जाऊन फोटो फक्त सेव्ह केलेल्या नंबरांना दिसेल असं करा ना.

शंकरनगरची शिकवणीवाली
तुम्हाला चालेल, कूलरवाल्याला नाही. त्याचं नवीन गिऱ्हाईक त्याच्या फोनमध्ये सेव्ह कुठे असतं? मग त्याला राखाडी बाहुलं दिसणार आणि सगळी मेहनत वाया.

महालातला फोटोवाला
मॅडमचं बरोबर आहे, यावर माझ्याकडे उत्तर नाही. धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर वेगळा ठेवणं, एवढंच.

मानेवाड्याचा कूलरवाला
होय, मित्राने पाठवलेलाच होता. भुवई मोठी करून पाहिली, काळा डागच आहे. त्याने मूळ फोटो उडवून टाकला म्हणतो. त्यामुळे आता नवीनच काढतो. दुपारी गच्चीवर ऊन चांगलं असते, तिथे काढू का? अन् पांढरं बॅकग्राउंड टाकू की नको?

महालातला फोटोवाला
नागपूरचं दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. मोठ्या फोटोत ते खपून जातं, पण आठ मिलिमीटरमध्ये डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं दिसतात. सावलीत, व्हरांड्याच्या काठाशी या आणि तोंड उजेडाकडे करा. एकच सांभाळा, मागे अंधारी खोली येऊ देऊ नका. काळे केस काळ्यात मिसळतात आणि डोक्याचा आकारच हरवतो. मागे फिक्या रंगाची भिंत असली की झालं, आणि भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभे राहा म्हणजे तुमची सावली तिच्यावर पडणार नाही.

पांढरं टाकायची वेळच येत नाही मग. अ‍ॅपने कापलेलं बॅकग्राउंड केसांजवळ फसतं. कानामागे जुन्या रंगाची किनार राहते, नाहीतर केसांची टोकं गुळगुळीत होतात. शिवाय पांढऱ्या थीमवर पांढरा गोल दिसतच नाही, नुसतं डोकं तरंगतं. आधी डोळ्यांची रेघ आडवी सरळ करून घ्या, मग गॅलरीत १:१ चा चौकोन कापा, शेवटी अ‍ॅपच्या गोलात बसवा. उलट क्रमाने केलं तर सरळ करताना कडा परत कापल्या जातात आणि टाळूवरची जागा जाते.

इतवारीची काकू
एवढं सगळं करून शेवटी भिंतीसमोरचं मुंडकंच ना? मी असते तर कूलरशेजारी उभी राहिले असते. काम काय ते तरी कळलं असतं.

महालातला फोटोवाला
कूलरशेजारी उभं राहिलं की कूलर माणसाएवढा, दोघं मावायला चौकोन दुप्पट आणि तोंड परत अर्धं. पण काकूंची कल्पना अगदीच टाकाऊ नाही. कूलरच्या वाळ्याच्या ताटीसमोर उभं राहिलात तर मागे सगळा एकसारखा तपकिरी पोत येईल. ताटी वाळलेली, फिकी असू द्या, भिजली की काळपट होते. त्यात लक्ष वेधणारं काही नाही आणि जाणकाराला काम कळेल. बाकी पाटी, फुटाळा, बाइक यांना बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपात वर आडव्या कव्हर फोटोची जागा आहे.

मानेवाड्याचा कूलरवाला
ताटीचं जमते. दुकानाच्या शटरबाहेर, संध्याकाळी पाच वाजता काढतो. फुटाळा कव्हरला, बायको पण खूष.

इतवारीची काकू
अन् जूनमध्ये पाऊस लागला, कूलर माळ्यावर गेले की काय लावशील रे?